चक्र शोधणारे दोन पॉइंटर आणि null ची तपासणी

लिंक्ड लिस्टमधल्या प्रत्येक नोडकडे दोन गोष्टी असतात: स्वतःची माहिती आणि पुढच्या नोडचा पत्ता. शेवटच्या नोडच्या पुढे कोणी नसतं, म्हणून तिथे पत्त्याऐवजी `null` असतं. लिस्ट वाचणारा बहुतेक सगळा कोड या एका खुणेवर विसंबलेला असतो. `null` दिसेपर्यंत पुढे जायचं, दिसलं की थांबायचं. एखाद्या नोडचा पत्ता चुकून मागच्याच नोडकडे वळला, तर ती खूण वाटेत कधी येतच नाही आणि वाचणारा त्याच त्या नोडांभोवती फिरत राहतो. यालाच लिस्टमधलं चक्र म्हणतात. चक्रामुळे एरर येत नाही, प्रोग्राम कोसळत नाही, लॉगमध्ये काही उमटत नाही. काम फक्त संपत नाही.

अशी चक्रं अभ्यासक्रमातच भेटतात असं नाही. जावाच्या सातव्या आवृत्तीपर्यंतच्या `HashMap` मध्ये एक प्रसिद्ध चक्र तयार होऊ शकत असे. या रचनेत प्रत्येक बकेट म्हणजे एक छोटी लिंक्ड लिस्ट. टेबल भरत आलं की दुप्पट आकाराचं नवं टेबल घेऊन सगळे नोड त्यात हलवले जात, आणि हलवलेला प्रत्येक नोड नव्या लिस्टच्या तोंडाशी बसवला जाई. त्यामुळे क्रम उलटा होई: जुन्या लिस्टमध्ये अ च्या पुढे ब असला, आणि दोघे नव्या टेबलातही एकाच बकेटमध्ये पडले, तर तिथे ब च्या पुढे अ येई.

दोन थ्रेड एकाच वेळी हे काम करू लागले की घोटाळा होई. पहिल्या थ्रेडने ‘हातात अ, पुढचा ब’ एवढं टिपून घेतलं आणि तो थबकला. तेवढ्यात दुसऱ्याने सगळं उरकलं. आता ब चा पत्ता अ कडे होता. पहिला पुन्हा सुरू झाला. त्याने अ बसवला, मग टिपणाप्रमाणे ब घेतला, ब च्या पुढे कोण आहे ते पाहिलं, तर अ. ब ला अ च्या आधी बसवून त्याने पुन्हा अ हातात घेतला, त्यालाही तोंडाशी बसवलं, म्हणजेच अ चा पत्ता ब कडे वळवला. अ च्या पुढे ब, ब च्या पुढे अ. यानंतर त्या बकेटमध्ये नसलेली किल्ली कोणी `get` ने मागितली की तो थ्रेड परत येत नसे. सर्व्हरचा एक कोअर शंभर टक्क्यांवर अडकलेला दिसे, आणि दर वेळी काढलेल्या थ्रेड डंपमध्ये तोच थ्रेड त्याच `HashMap.get` मध्ये सापडे. आठव्या आवृत्तीत हलवताना क्रम न उलटण्याची पद्धत आली आणि हे विशिष्ट चक्र गेलं. `HashMap` मात्र अनेक थ्रेडांनी एकत्र वापरण्याजोगा तेव्हाही झाला नाही आणि आजही नाही.

या उदाहरणातून काय शिकायचं, याबद्दल दोन मतं आहेत. एक मत डेटा स्ट्रक्चर शिकवणाऱ्या प्राध्यापकांचं, दुसरं त्यांच्याच वर्गात शिकून आता सर्व्हर सांभाळणाऱ्या अभियंत्याचं. तिला दोन पॉइंटरांची रीत ही मुलाखतीपुरती करामत वाटते. त्यांना ती तशी वाटत नाही.

अभियंता: सर, त्या `get` मध्ये `null` ची तपासणी होतीच की. लूपची अटच `e != null` होती. तरी थ्रेड अडकला. मग वर्गात ‘`null` तपासा, `null` तपासा’ म्हणून आम्हाला जे घोकवलं, त्याचा उपयोग काय?

प्राध्यापक: त्या अटीने एकच प्रश्न विचारला, लिस्ट संपली का. संपणाऱ्या लिस्टला तेवढा पुरतो. न संपणाऱ्या लिस्टला दुसरा प्रश्न विचारावा लागतो: आपण आधी पाहिलेल्या जागी परत आलो का? दोन्ही प्रश्न एकाच लूपमध्ये असतील तरच थांबण्याची हमी मिळते.

अभियंता: दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर सोपं आहे. पाहिलेला प्रत्येक नोड एका सेटमध्ये टाकायचा. पुढचा नोड सेटमध्ये आधीच असला तर चक्र, `null` आला तर चक्र नाही. कोणालाही वाचून समजतं, आणि पहिला पुन्हा भेटलेला नोड हाच चक्राचा दरवाजा असतो, तो वेगळा शोधावा लागत नाही.

ही बाजू दुबळी नाही. सेटची रीत प्रत्येक नोड एकदाच ओलांडते आणि चक्र कुठे सुरू होतं ते त्याच फेरीत सांगते. तिचा खर्च मेमरीत आहे. ६४-बिट जावाच्या नेहमीच्या मांडणीत `HashSet` मधल्या एका नोंदीला ३२ बाइट लागतात. एक कोटी नोडांच्या लिस्टसाठी त्या ३२ कोटी बाइट होतात, शिवाय आतल्या टेबलाचे साधारण पावणेसात कोटी बाइट. लिस्टला चक्र आहे का एवढंच विचारायला सुमारे ३९ कोटी बाइट ही भारी किंमत आहे. शंभर नोडांच्या लिस्टला हाच हिशेब क्षुल्लक ठरतो, आणि तिथे सेट वापरणाऱ्याला नावं ठेवण्यात अर्थ नाही.

सेटमध्ये दुसरी एक फट असते, तीही लक्षात ठेवण्यासारखी आहे. सेट नोडांची तुलना त्यांच्या `equals` ने करतो. नोडच्या क्लासमध्ये कोणी ‘किंमत सारखी म्हणजे नोड सारखा’ असं `equals` आणि त्याला जुळणारं `hashCode` लिहून ठेवलं असेल, तर ५, ८, ५ या साध्या सरळ लिस्टमध्येही तिसऱ्या नोडला चक्र सापडल्याची बोंब होते. चक्राचा प्रश्न नोडच्या किमतीबद्दल नसून तो कोणता नोड आहे याबद्दल असतो. म्हणून तुलना पत्त्यांची हवी.

प्राध्यापक: आता माझी रीत बघ. सेट नाही, मोजणी नाही, नोडवर खुणा करणं नाही. दोन पॉइंटर हेडपासून निघतात. स्लो एका वेळी एक नोड चालतो, फास्ट दोन.

```java
boolean hasCycle(Node head) {
    Node slow = head;
    Node fast = head;
    while (fast != null && fast.next != null) {
        slow = slow.next;
        fast = fast.next.next;
        if (slow == fast) return true;
    }
    return false;
}
```

अभियंता: हे पाठ आहे, सर. ससा आणि कासव. पण गोष्टीत ससा झोपतो म्हणून कासव त्याला गाठतं. इथे ससा झोपतही नाही आणि तोच मागून येऊन कासवाला गाठतो. तो नेमका त्याच नोडवर थांबेल याची खात्री काय? दोन-दोनच्या उड्या मारणारा फास्ट स्लोच्या डोक्यावरून उडी मारून पुढे निघून गेला तर?

या शंकेला उदाहरणानेच उत्तर देता येतं. सात नोडांची लिस्ट घेऊ: क, ख, ग, घ, च, छ, ज; आणि ज चा पत्ता परत ग कडे वळलेला. क आणि ख ही शेपूट, ग ते ज हे पाच नोडांचं चक्र. पहिल्या फेरीनंतर स्लो ख वर, फास्ट ग वर. दुसरीनंतर स्लो ग वर, फास्ट च वर. तिसरीत स्लो घ, फास्ट ज. चौथीत स्लो च, आणि फास्ट ज वरून ग ओलांडून घ वर. पाचवीत स्लो छ वर जातो, फास्टही घ वरून च ओलांडून छ वर पोहोचतो. भेट झाली.

यात पाहायचं ते दोघांमधलं अंतर. दुसऱ्या फेरीनंतर दोघेही चक्रात आहेत. फास्टला आपल्या दिशेने पुढे चालत स्लो गाठायचा असेल तर च पासून ग पर्यंत तीन नोड जावं लागतं. पुढच्या फेरीनंतर ज पासून घ पर्यंत दोन, मग घ पासून च पर्यंत एक, मग शून्य. प्रत्येक फेरीत फास्ट दोन पावलं जवळ येतो आणि स्लो एक पाऊल दूर जातो, म्हणून अंतर बरोबर एकाने घटतं. एकेकाने घटणारं अंतर शून्याला चुकवू शकत नाही. डोक्यावरून उडी मारायला अंतर एकावरून थेट उणे एकावर जावं लागेल, म्हणजे एका फेरीत दोनने घटावं लागेल, आणि तसं होत नाही.

यातून वेळेचा हिशेबही निघतो. स्लो चक्रात शिरतो तेव्हा फास्टला भरायचं अंतर चक्राच्या लांबीपेक्षा कमीच असतं, त्यामुळे चक्रात शिरल्यानंतर स्लोचा एक वेढा पुरा होण्याच्या आतच भेट होते. शेपूटच नसेल तर एक वेढा पुरा लागतो. एकूण फेऱ्या लिस्टमधल्या नोडांच्या संख्येपेक्षा कधीच जास्त होत नाहीत. प्रत्येक फेरीत तीन पत्ते ओलांडले जातात, म्हणजे जास्तीत जास्त तिप्पट चाल. सेटच्या एकपट चालीसमोर ही तिप्पट, पण मेमरी फक्त दोन पॉइंटरांची.

अभियंता: मग फास्टला तीनच्या उड्या मारायला लावल्या तर लवकर भेटेल ना?

प्राध्यापक: अंतर दोनने घटेल, आणि तुझी मघाचीच शंका खरी होऊ शकेल. दोघे हेडवरूनच निघाले तर भेट शेवटी होते, पण कोणी फास्टला एक नोड पुढे उभं करून सुरुवात केली आणि चक्रातल्या नोडांची संख्या सम निघाली, तर अंतर कायम विषम राहील आणि ते कधीच भेटणार नाहीत. शिवाय तीनची उडी म्हणजे वाटेत `null` असण्याच्या तीन जागा. अटीत आणखी एक तुकडा वाढला. एवढं करून हमखास फायदा काही नाही.

इथून चर्चा खऱ्या मुद्द्याशी येते. वरच्या कोडमधली `while` ची अट पुष्कळांना पुढच्या ओळींचं रक्षण करणारी नुसती खबरदारी वाटते. प्रत्यक्षात ती निम्मं उत्तर आहे. लूपमधून बाहेर पडायचे दोनच मार्ग आहेत: दोघांची भेट झाली तर चक्र आहे, आणि फास्टला `null` सापडलं तर चक्र नाही. चक्र असलेल्या लिस्टमध्ये हेडपासून चालत निघाल्यावर `null` लागूच शकत नाही, कारण प्रत्येक नोडला पुढचा नोड असतो. म्हणून `null` दिसणं हा अपघात नसून लिस्ट सरळ असल्याचा पुरावा आहे.

ही रीत आली कुठून हे पाहिलं की हा मुद्दा आणखी उघड होतो. डोनाल्ड कनुथ यांनी १९६९ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथाच्या दुसऱ्या खंडात ती रॉबर्ट फ्लॉइड यांच्या नावावर दिली, आणि तिथे संदर्भ यादृच्छिक संख्यांचा होता. एका संख्येला सूत्र लावून पुढची संख्या काढायची, तिच्यावरून त्याच्या पुढची. संख्यांचा साठा मर्यादित असल्याने अशी मालिका कधी ना कधी स्वतःकडे वळतेच. तिथे चक्र आहे का हा प्रश्नच नव्हता. ते केव्हा सुरू होतं आणि किती लांब आहे एवढंच शोधायचं होतं. मालिकेला शेवट नसल्याने तिथे `null` तपासण्याची गरजही नव्हती. लिंक्ड लिस्टवर ही रीत आणली तेव्हा ‘कदाचित चक्र नसेलच’ ही शक्यता तिच्यात भरावी लागली, आणि ती भरणारी ओळ म्हणजे `while` ची अट. मूळ रीत आणि लिंक्ड लिस्टवरची रीत यांत जो महत्त्वाचा फरक आहे, तो या एका ओळीत आहे.

अभियंता: मान्य. पण मग अट एवढी लांब कशाला? `fast != null` पुरे नाही का? किंवा नुसतं `fast.next != null`?

याचं उत्तर लिस्टची लांबी सम आहे की विषम यावर अवलंबून आहे. दोघे हेडवरून निघतात आणि फास्ट दोन-दोन नोड पुढे जातो. चार नोडांच्या सरळ लिस्टमध्ये तो पहिल्यावरून तिसऱ्यावर आणि तिथून शेवटाच्या पलीकडे जातो, म्हणजे `fast` स्वतःच `null` होतो. पाच नोडांच्या लिस्टमध्ये तो पहिला, तिसरा, पाचवा असं जात शेवटच्या नोडवर टेकतो. `fast` शाबूत असतो आणि `fast.next` हे `null` असतं. अटीचा पहिला भाग सम लांबीच्या आणि रिकाम्या लिस्टसाठी, दुसरा विषम लांबीसाठी.

नुसतं `fast != null` लिहिलं तर पाच नोडांच्या लिस्टमध्ये `fast.next.next` वाचताना `NullPointerException` येतो, आणि चार नोडांची लिस्ट बिनबोभाट पार पडते. नुसतं `fast.next != null` लिहिलं तर उलट होतं: पाच नोडांची लिस्ट पार पडते, चार नोडांची आणि रिकामी कोसळते. दोन्ही भाग लिहिले पण क्रम उलटा केला, म्हणजे आधी `fast.next != null` आणि मग `fast != null`, तर वाचणाऱ्याला अट पूर्ण दिसते आणि तरीही ती चुकीची असते. `&&` डावीकडून उजवीकडे जातं आणि डावी बाजू खोटी निघाली तरच उजवी वाचायची टाळतं. उलट्या क्रमात `fast` आधी वाचला जातो आणि तो आहे की नाही हे नंतर विचारलं जातं. या चुकीचा त्रास असा, की फक्त १, ३ किंवा ५ नोडांच्या लिस्टवर तपासणी केली तर ती दिसतच नाही.

अभियंता: आणि `slow` चं काय? `slow = slow.next` च्या आधी कोणतीच तपासणी नाही. आमच्याकडे कोड तपासणारे लोक इथे हमखास बोट ठेवतात.

प्राध्यापक: स्लो नेहमी फास्टने आधी ओलांडलेल्या वाटेवर चालतो. तो ज्या नोडवर पाऊल ठेवतो तिथून फास्ट पुढे गेलेला आहे, म्हणजे तिथे `null` नव्हतं हे आधीच ठरलं आहे. पहिल्या फेरीत दोघे एकाच नोडवर असतात, आणि तो नोड आहे हे अट सांगतेच. तिथे वेगळी तपासणी लावलीस तर कोड चुकणार नाही, पण स्लोलाही `null` भेटू शकतं असं वाचणाऱ्याला वाटेल. न घडणाऱ्या गोष्टीची खबरदारी वाचणाऱ्याची दिशाभूल करते.

अभियंता: मला नाही पटत, सर. तुम्ही म्हणता ते लिस्ट स्थिर असेल तर. आपण चालत असताना दुसऱ्या थ्रेडने मधला नोड काढून टाकला, तर फास्टने ओलांडलेली वाट स्लोच्या पायाखाली बदललेली असेल.

प्राध्यापक: मग स्लोवर तपासणी लावून तू फक्त एक्सेप्शन टाळशील. ‘चक्र नाही’ हे उत्तर तरीही खोटं असू शकेल, आणि ‘चक्र आहे’ हेही. बदलत्या लिस्टवर दोन पॉइंटरही खोटं बोलतात आणि तुझा सेटही. तिथे आधी लॉक हवा, किंवा लिस्टची प्रत.

या ठिकाणी प्राध्यापकांची बाजू वरचढ आहे. `null` ची तपासणी लिस्ट संपली का एवढंच सांगते. लिस्ट सुस्थितीत आहे का हे सांगण्याची तिची ताकद नाही. सी भाषेत हे जास्त जाणवतं. तिथे मोकळ्या केलेल्या नोडचा पत्ता पॉइंटरमध्ये तसाच राहू शकतो. तो `NULL` नसतो, म्हणून तपासणी पार करतो, आणि वाचलं तर काय मिळेल याचा भरवसा नसतो.

सीमध्ये तपासणीचा क्रमही जावापेक्षा अधिक धोक्याचा असतो. जावात उलट्या क्रमाने निदान एक्सेप्शन तरी येतो. सीमध्ये `NULL` मधून वाचणं हे अनिर्धारित वर्तन मानलं जातं, आणि कंपायलरला त्यावरून निष्कर्ष काढायची मुभा असते. पुढच्या दोन ओळी पाहा:

```c
Node *n = fast->next;
if (fast == NULL) return false;
```

पहिल्या ओळीत `fast` मधून वाचलंच आहे, म्हणजे तो `NULL` असणार नाही, असं धरून कंपायलर दुसरी ओळ पूर्ण काढून टाकू शकतो. ही नुसती तात्त्विक भीती नाही. २००९ साली लिनक्स कर्नलच्या २.६.३० आवृत्तीतल्या `tun` ड्रायव्हरमध्ये नेमकं हेच घडलं. पॉइंटरमधून आधी वाचलं होतं, तो `NULL` आहे का हे नंतर तपासलं होतं, आणि जीसीसीने ती तपासणी गाळली. त्यातून कर्नलवर ताबा मिळवण्याचा मार्ग उघडा पडला. पुढे कर्नल `-fno-delete-null-pointer-checks` हा पर्याय लावून बांधला जाऊ लागला. तपासणी लिहिलेली असणं आणि ती वेळेवर होणं यातला फरक इथे सुरक्षेचा प्रश्न झाला.

उरतो अभियंत्याचा मूळ दावा, की सेट चक्राचा दरवाजाही सांगतो. दोन पॉइंटरही तो सांगतात, पण त्यासाठी दुसरा टप्पा लागतो. भेट झाली की एक पॉइंटर परत हेडवर ठेवायचा, दुसरा भेटीच्या नोडवरच राहू द्यायचा, आणि आता दोघांनाही एकेक पाऊल चालवायचं. ते पुन्हा जिथे भेटतात तो चक्राचा पहिला नोड. मघाच्या लिस्टमध्ये भेट छ वर झाली होती. एक पॉइंटर क वर, दुसरा छ वर. एका पावलानंतर ख आणि ज. दुसऱ्यानंतर दोघेही ग वर.

हे घडतं त्याचं कारण छोटं आहे. भेटीपर्यंत स्लो जितकी पावलं चालला, त्याच्या दुप्पट फास्ट चालला. म्हणजे फास्टची जादा पावलं स्लोच्या पावलांइतकीच, आणि ती चक्राचे पुरे वेढे असणार, नाहीतर दोघे एका नोडवर आलेच नसते. उदाहरणात स्लोची पाच पावलं, चक्रही पाचाचं. आता भेटीच्या नोडवरचा पॉइंटर आणखी शेपटीएवढी पावलं चालला, तर हेडपासून त्याची एकूण चाल शेपूट अधिक पुरे वेढे एवढी होते, आणि अशी चाल नेहमी चक्राच्या दरवाजावरच संपते. हेडवरून निघालेला पॉइंटरही शेपटीएवढी पावलं चालून तिथेच पोहोचतो.

या दुसऱ्या टप्प्यात `null` तपासावं लागत नाही, कारण चक्र असल्याचं सिद्ध झाल्यावरच इथे येता येतं. पण इथे एक वेगळा सापळा आहे. काही जण पहिल्या टप्प्यात फास्टला `head.next` वरून सोडतात, म्हणजे दोघे सुरुवातीलाच सारखे नसतात आणि तुलना लूपच्या तोंडाशी करता येते. चक्र आहे की नाही एवढंच विचारायचं असेल तर ते चालतं, फक्त रिकाम्या लिस्टला `head.next` वाचण्याआधी हेड तपासावा लागतो. दुसरा टप्पा मात्र मोडतो. आपल्याच लिस्टमध्ये आता भेट चौथ्या फेरीत च वर होते. मग क आणि च वरून निघायचं: ख आणि छ, ग आणि ज, घ आणि ग, च आणि घ. दुसरा पॉइंटर कायम एक पाऊल मागे राहतो आणि ते कधीच भेटत नाहीत. चक्र शोधणारा कोडच चक्रात अडकतो, आणि `null` तिथे वाचवायला येत नाही.

अभियंता: म्हणजे तुमच्या रीतीत सुरुवात, अटीचा क्रम आणि तुलनेची जागा, तिन्ही एकमेकांना बांधलेली आहेत. एक हललं की दुसरं मोडतं. माझ्या सेटमध्ये असं काही नाही.

प्राध्यापक: नाही, आणि मेमरी परवडत असेल तर तू सेटच वापर, फक्त पत्त्यांची तुलना करणारा. तपासणीसाठी नवी मेमरी मागता येत नसेल, किंवा लिस्ट किती मोठी आहे हे आधी माहीत नसेल, तिथे माझे दोन पॉइंटर.

निवाडा याहून वेगळा देता येणार नाही. जावात पत्त्यांची तुलना करणारा सेट `Collections.newSetFromMap(new IdentityHashMap<>())` असा मिळतो. दोन पॉइंटरांच्या कोडमध्ये तेच काम `==` करतं. लिस्टमध्ये किती नोड असायला हवेत हे वेगळं नोंदलेलं असेल, तर दोन्हींपेक्षा साधा उपाय आहे: त्या संख्येपेक्षा एक पाऊल जास्त चालायचं, आणि तरी `null` आलं नाही तर चक्र आहे असं समजायचं.

कोणतीही रीत निवडली तरी तपासणीच्या लिस्टा त्याच लागतात: रिकामी, एक, दोन आणि तीन नोडांच्या सरळ, स्वतःकडेच वळलेला एकटा नोड, शेपूट नसलेलं चक्र आणि शेपूट असलेलं चक्र. दोन आणि तीन दोन्ही हव्यात, कारण सम आणि विषम लांबीच्या चुका वेगवेगळ्या आहेत. चक्राच्या चाचण्यांना वेळेची मर्यादाही हवी, कारण तिथला चुकीचा कोड नापास होत नाही, नुसता चालत राहतो. जेयुनिटच्या पाचव्या आवृत्तीत त्यासाठी `assertTimeoutPreemptively` वापरावं. `assertTimeout` आधी कोड संपण्याची वाट पाहतं आणि मग वेळ मोजतं, त्यामुळे न संपणाऱ्या लूपसमोर तेही अडकून बसतं.